बंगळूरला जाण्याआधी विचारून घे

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

ऑफर लेटर वाचलं. पगाराचे आकडे तू तपासले असशीलच. माझी नजर अडली ती पुढच्या पानावरच्या एका ओळीवर: रिलोकेशनचा खर्च कंपनीच्या धोरणानुसार, जास्तीत जास्त 60,000 रुपये. महापेला अकाउंट्सला होते तेव्हा अशाच एका ओळीवर विसंबून आलेल्या मुलांची बिलं माझ्या टेबलावर यायची, आणि त्यातली कितीतरी मला परत पाठवावी लागायची. मुलं खोटी नसायची. धोरणात काय आहे ते त्यांनी आधी कधी पाहिलेलंच नसायचं.

म्हणून होकार कळवण्याआधी आणि इथला राजीनामा टाकण्याआधी रिक्रूटरला मेल कर. फोनवर विचारलंस तर ती 'हो हो, सगळं मिळतं' म्हणेल. ती कन्सल्टन्सीची माणूस आहे, तू रुजू झालास की तिचं काम संपलं. पैसे देणार कंपनीचा एचआर. त्यामुळे उत्तर कंपनीच्या मेलवरून येऊ दे, आणि धोरणाची प्रत मागायला लाजू नकोस. नव्या माणसाला ती सहज मिळते.

पहिला प्रश्न: 60,000 एकरकमी देणार की बिलांवर? एकरकमी ऐकायला बरं वाटतं, पण ती रक्कम पगारात धरली जाते. तू 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहेस, सेस धरून 20.8 टक्के. म्हणजे 12,480 कर जाऊन हातात 47,520. बिलांवर देत असतील तर काही कंपन्या सामान आणि प्रवासाचा प्रत्यक्ष खर्च करातून वगळतात. काही जण मात्र 'ही बदली नाही, नवी नेमणूक आहे' म्हणून त्यावरही कर कापतात. तिथला पेरोल काय करतो ते विचार.

आता तुझाच हिशोब मांडते. मूव्हर्सचं कोटेशन 38,000, तुमची दोघांची विमानाची तिकिटं 11,000, तिथल्या ब्रोकरला एक महिन्याचं भाडं म्हणजे 32,000. एकूण 81,000. धोरणात फक्त सामान आणि प्रवास असेल तर तुला 49,000च मिळतील आणि वरचे 11,000 कागदावरच राहतील. ब्रोकरेज धरत असतील तर पूर्ण 60,000. तेव्हा 'कमाल किती' यापेक्षा 'त्यात काय काय बसतं' हे विचारण्यात जास्त पैसे आहेत. मृण्मयीचं तिकीट बसतं का, हेही नाव घेऊन विचार. कुटुंब धरतात की फक्त कर्मचारी, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

डिपॉझिट मात्र कोणी भरून देत नाही, कारण ते परत मिळणारे पैसे. तिथले मालक पाच महिन्यांचं मागतायत म्हणालास, म्हणजे 1,60,000. त्यात पहिलं भाडं 32,000 आणि वरचे 81,000 मिळवलेस तर पहिला पगार दिसण्याआधी 2,73,000 खिशातून जाणार. घोडबंदरच्या घराचं डिपॉझिट चावी दिल्यावरच सुटणार, आणि मालक रंगकामाचे पैसे कापायला बसलेलाच असेल. म्हणून डिपॉझिटसाठी बिनव्याजी ॲडव्हान्स देता का, असं सरळ विचार. पुष्कळ कंपन्या देतात आणि पगारातून हप्त्याने कापतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

राहण्याचं नीट समजून घे. 'पंधरा दिवस राहण्याची सोय' यात पहिला दिवस कोणता, हीच मेख असते. रुजू व्हायच्या तारखेपासून मोजणार, की तू पोहोचशील तेव्हापासून? तू शनिवारी उतरून सोमवारी रुजू होणार असशील तर त्या दोन रात्री कोणाच्या? दुसरं, गेस्ट हाऊस म्हणजे बहुतेकदा एका खोलीत दोन कर्मचारी. तिथे मृण्मयीला ठेवता येणार नाही, आणि तिला दिवसभर कॉलवर बसायचं असतं. सर्व्हिस अपार्टमेंट मिळेल का, आणि दुसऱ्या माणसाचे पैसे कापणार का, ते विचार.

सामानाची तारीखही याच्याशी जुळवावी लागेल. एवढ्याशा सामानाला कोणी अख्खा ट्रक लावत नाही. टेम्पो ते भिवंडीच्या गोदामात नेतो, तिथे दुसऱ्यांच्या सामानाबरोबर भरून ट्रक निघतो. आठवडाही लागतो. तोवर घर मिळालेलं नसेल तर मूव्हर्स गोदामाचं भाडं लावतात, आणि ते भाडं धोरणात सहसा नसतं. माझं म्हणणं, आधी तू एकटा जा, पहिल्या आठवड्यात घर ठरव आणि मग इथून सामान हलव. मृण्मयी तोवर वाशीला राहील. मात्र 'सामान रुजू झाल्यानंतर निघालं तर चालेल ना, आणि बिलं किती दिवसांत द्यायची' हे आधी लिहून घे. काही ठिकाणी तीस दिवसांची मुदत असते.

बिलांबद्दल मी बोलले नाही तर कोण बोलणार! मूव्हर्सवाला म्हणेल, बिल नको असेल तर तीन हजार कमी करतो. तो मोह नको. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल, बिल्टी आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा, हे तिन्ही लागतं. बिल तुझ्या नावाने हवं की कंपनीच्या, आणि कंपनीचा ठरलेला मूव्हर आहे का, हे आधी विचार. आमच्याकडे एकाने स्वतःच्या पसंतीचा मूव्हर लावला, बिल चोख होतं, तरी तीन कोटेशन नव्हती म्हणून अर्धेच पैसे पास झाले. बोर्डिंग पास सांभाळून ठेव, नुसतं तिकीट चालत नाही. ब्रोकरच्या पावतीवर त्याचा पॅन घे. सोसायटी शिफ्टिंग चार्ज घेईल, त्याचीही पावती माग. मिळाले तर मिळाले.

आणि शेवटचं कलम वाच. बारा महिन्यांत सोडलं तर रिलोकेशनची रक्कम परत. तू दहा महिन्यांनी निघालास तर पूर्ण 60,000 मागणार की उरलेल्या दोन महिन्यांचे 10,000? आणि प्रोजेक्ट बंद पडून त्यांनीच काढलं तर? एकरकमी घेतलीस आणि आर्थिक वर्ष उलटून परत द्यावी लागली, तर कर म्हणून कापलेली रक्कमही तुझ्याकडून वसूल करतील आणि तो कर सोडवत तू बसशील. हातात आले तेवढेच परत, आणि महिन्यांच्या प्रमाणात, असं लिहून माग. फार तर नाही म्हणतील. या प्रश्नांवरून कोणी ऑफर मागे घेत नाही. मी तरी पाहिलं नाही.

मेल रात्री लिहून मला दाखव, इंग्रजी तुझंच राहू दे, मी फक्त आकडे बघेन. स्कूटरचं अजून ठरलेलं नाही. बाबा म्हणतात इथेच ठेव, त्यांना मार्केटला जायला होईल. तुला न्यायचीच असेल तर ती सामानात धरतात की वेगळी, तेही त्याच मेलमध्ये घाल.

तुझी,
आई