मशाल ठेव, बाकीचा गड सोड

सम्या,

गेम जॅमसाठीच्या तुझ्या गेमचा मेसेज वाचला, दोनदा वाचला. शिवकाळातला हेर, पाच गड, दिवस-रात्र, पाऊस, वेषांतर, गावकऱ्यांशी गप्पा, पिशवीत सामान आणि शेवटी तटावर लढाई. आयडिया भारीच आहे रे, पण तू आणि ओंक्या दोघंच, आणि वेळ ४८ तास. त्यातले दोन रात्रींच्या झोपेचे १२ काढ (झोपायचंच, रविवारी पहाटे लिहिलेला कोड दुपारपर्यंत कुणालाच कळत नाही), खाणंपिणं, चहा, येणंजाणं यांचे ६, शेवटचे ४ बिल्ड आणि अपलोडला. राहिले २६.

आता तू म्हणशील पाचाचे दोन गड करू, पाऊस काढू, गप्पा थोड्याच ठेवू. हीच कापाकापी मला नको वाटते, कारण प्रत्येक गोष्ट थोडी थोडी कमी केली की सगळंच अर्धं राहतं, आणि दोन गडांना पण मेनू, सेव्ह, गावकरी, लढाई सगळं लागतंच. त्यापेक्षा असं बघ की खेळणारा दर पाच सेकंदाला कुठला निर्णय घेतोय. तुझ्या मेसेजमध्ये तो एका ओळीत लपलाय: मशाल पेटवली तर वाट दिसते, पण पहारेकऱ्याला तू पण दिसतोस. बस, हाच गेम. एकच बटण, मशाल चालू-बंद.

मग प्रत्येक फीचरला एकच प्रश्न विचार, हे काढलं तर मशालीचा निर्णय बदलतो का? वेषांतर काढलं, नाही बदलत. पिशवी, नाही. लढाई तर उलट निर्णय मारते, कारण लढता येतं म्हटल्यावर लपायचं कशाला. पण दरीचे खड्डे काढून बघ, मग कायम अंधारातच चालता येतं आणि मशाल पेटवायची गरजच उरत नाही. म्हणजे खड्डे राहणार. पाहिजेच.

पहारेकऱ्याचं पण तसंच. तू पाठलाग लिहिलायस, त्याला रस्ता शोधणं आलं, भिंतीत अडकणं आलं, तू निसटलास तर त्याने परत जागेवर जाणं आलं, त्यातच शनिवार जाईल. दिसलास की लगेच गडाच्या पायथ्याशी परत, एवढंच कर. तो दोन खुणांमध्ये येरझाऱ्या घालेल आणि त्याची नजर म्हणजे फक्त अंतर:

```gdscript
if mashal and position.distance_to(her.position) < 160:
    her.parat_suru()
```

यात तो भिंतीपलीकडचं पण बघतो, हे मला माहितीये. पण ते दुरुस्त करत बसू नको, पहारेकरी मोकळ्या जागेतच उभे कर. मशालीचा उजेड मात्र २४० पिक्सेल ठेव, म्हणजे तुला तो आधी दिसतो, त्याला तू नंतर. हे उलटं झालं तर पेटवल्या पेटवल्या मरण, आणि खेळणारा शिव्या घालून टॅब बंद करेल. अंधारात तो जवळ येतोय हे कळायला पावलांचा आवाज लागेल, सगळ्या आवाजांत तेवढा एकच आधी कर.

शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी हे राखाडी चौकोनांवर चाललं पाहिजे, चित्रं नकोत. आणि ओंक्याने नाही, शेजारच्या टेबलवरच्या कुणीतरी खेळायचं, तू तोंड बंद ठेवून बघायचं. तो क्षणभर मशाल पेटवून, वाट लक्षात ठेवून, विझवून पळाला तर जमलं. कायम पेटवूनच चालत असेल तर पहारेकरी वाढव, कायम विझवून चालत असेल तर खड्डे हलव. दोन्ही करून पण तो कंटाळला तर दुसरी आयडिया घ्यायला शनिवार सकाळ अजून हातात आहे. चित्रं आधी काढली असतील तर मन होत नाही फेकायला.

टायटन सोल्स आठवतो? २०१३ च्या लुडम डेअर गेम जॅममध्ये त्याचं पहिलं रूप झालं, थीम होती 'तुम्हाला एकच मिळतं'. एकच बाण, आणि बॉस पण एका फटक्यात मरणारा. बाकी हिशोब काही नाही, बाण परत कसा आणायचा एवढंच.

शनिवारी सहा छोटे स्क्रीन बनवा, एकेक खेळायला मिनिटभर. सहावा नाही झाला तर पाचवर गेम संपवायचा, कुणाला कळणार पण नाही. गड पण एकच, नाव द्यायची पण गरज नाही.

पहिला वेब बिल्ड मात्र शनिवारी दुपारीच `itch.io` वर चढवून बघ. झिपमध्ये `index.html` वरच्याच पातळीवर ठेव, फोल्डरच्या आत फोल्डर नको. आणि ब्राउझर क्लिक केल्याशिवाय आवाज लावत नाही, म्हणून सुरुवातीला 'क्लिक करा' असा स्क्रीन ठेव, नाहीतर तुझी पावलं ऐकूच येणार नाहीत.

थीम वेगळीच आली तर मशाल पण सोडावी लागेल, तेव्हा फोन कर. शुक्रवारी रात्रीचे राखाडी चौकोन मला पाठव, मी जागा आहे.

तुझा,
पक्या