दसऱ्याचं निमंत्रण, तुमच्या नंबरवरून

सांगली

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, शोरूमच्या निमंत्रणात माझी एक चूक झाली. ती तुमच्यामुळेच निस्तरणार आहे, म्हणून आधी तेच लिहितो.

मी दुकानाचा नवा नंबर घेतला. तुमच्या वहीतल्या १८० गिऱ्हाइकांची व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली आणि मेसेज सोडला. दोन दिवसांत एकाचंही उत्तर आलं नाही. माहिती उघडून बघितली तर मेसेज फक्त अकरा जणांना पोचला होता. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असतो त्यांनाच जातो, आणि नवा नंबर कोण सेव्ह करणार? सगळ्यांकडे आहे तो तुमचा. म्हणून मेसेज तुमच्याच फोनवरून पाठवा.

वहीत ज्यांच्या नावापुढे तुम्ही खूण केली आहे, त्या चाळीस जणांना मात्र एकेकट्याला पाठवायचा. मजकूर असा धरलाय: "नमस्कार काका, आपल्या घरचा सागवानी झोपाळा आमच्या कारखान्यात झाला. आता सांगलीत शोरूम सुरू करतोय. दसऱ्याला संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत काकूंना घेऊन सोनं द्यायला या." झोपाळ्याच्या जागी ज्याची जी वस्तू असेल ती घालायची. कुणाचं देवघर, कुणाचा दिवाण, हे तुम्हालाच तोंडपाठ आहे. सवलतीचं यात काहीही लिहिलेलं नाही. इतक्या वर्षांच्या माणसांना पहिल्याच ओळीत टक्के सांगणं मला बरं वाटेना.

पत्रकारांचं पत्र वेगळं केलंय. दसऱ्याला गावभर उद्घाटनं असतात, त्या दिवशी आपल्याकडे कोण फिरकणार? त्यांना आदल्या दिवशी दुपारी १२ ला बोलावतोय. संध्याकाळी पान लागायच्या आत बातमी त्यांच्या हातात असली, तर दसऱ्याच्या सकाळी "आज शुभारंभ" म्हणून छापून येऊ शकते. पहिल्याच वाक्यात कोण, काय, कुठे, कधी हे सगळं येतं. बातमी म्हणून शोरूमपेक्षा आपले आठ कारागीर पुढे केलेत, कारण नुसतं दुकान उघडलं म्हटलं की ते जाहिरात विभागाकडे बोट दाखवतात. कारागिरांचा फोटो मेलने जाईल. व्हॉट्सॲपवर तो दाबला जातो आणि छपाईत धूसर येतो.

पहिल्या मसुद्यात मी "संपूर्ण सागवानी फर्निचर" लिहिलं होतं. मग तुमचं बोलणं आठवलं. वॉर्डरोब प्लायवूडचे आहेत, वर सागाचा व्हिनिअर आहे. आता तसंच स्पष्ट लिहिलंय. उद्या कुणी दाराची कड बघून विचारलं, तर मान खाली घालायची वेळ नको.

आई, आदल्या दिवशी सकाळच्याच एसटीने या. पत्रकारांशी बाबांनी बोलावं, मी नाही. आणि आपट्याची पानं तासगावहूनच आण.

तुमचा,
धाकटा