शून्ये उडाली, पैसे उडाले नाहीत

महोदय,
'नोटेवरची शून्ये उडवली तर आपली एफडी बुडेल,' असं रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर एक काका ठामपणे सांगत होते. तुर्कस्तानाने १ जानेवारी २००५ रोजी सहा शून्ये काढली, म्हणजे दहा लाख जुन्या लिरांचा एक नवा लिरा झाला. २५ कोटींचं घरभाडं २५० झालं आणि पगार, कर्ज, ठेवीही त्याच प्रमाणात उतरल्या. करार नव्याने करावे लागले नाहीत, ते कायद्यानेच बदलले. एका नव्या लिराचे शंभर कुरुश; ३,४७,५०० जुन्या लिरांचे ३४.७५ कुरुश होतात, ते मात्र ३५ धरायचे. खरी मेख इथेच! प्रत्येक जिनसेवर असं वाढवत गेलं तर बिल फुगतं. म्हणून पूर्णांकन शेवटच्या बेरजेवर करायचं, प्रत्येक जिनसेवर नाही. जुन्या नोटा वर्षभर चालल्या आणि पुढे दहा वर्षं बँकेत बदलून मिळत होत्या.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदूर