चोरीला गेलेला नंबर आणि ते सात दिवस

महोदय,

‘ओटीपी कुणालाही देऊ नका’ हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण देऊन झाल्यावर काय करायचे, हे कुणी सांगत नाही. येवल्यात माझे मोबाइलचे दुकान आहे. इथल्या कितीतरी पैठणीवाल्यांची निम्मी विक्री व्हॉट्सॲप बिझनेसवर चालते, त्यामुळे नंबर गेला की माणसे आधी माझ्या काउंटरवर येतात.

दिवाळीच्या तोंडावरचे एक उदाहरण सांगतो. एका विक्रेत्या बाईंना जुन्या गिऱ्हाइकाच्या नंबरवरून मेसेज आला : ‘ताई, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे आलाय, पाठवता का?’ गिऱ्हाईक ओळखीचे, त्यामुळे संशय आला नाही. त्या गिऱ्हाइकाचे खाते आधीच चोराच्या हातात होते आणि तो कोड बाईंच्याच नंबरचा होता. थोड्याच वेळात त्यांचे व्हॉट्सॲप बंद पडले आणि त्यांच्या नावाने गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर ‘ॲडव्हान्स या क्यूआरवर टाका’ असा मेसेज फिरू लागला.

अशा वेळी घाबरून ॲप काढून टाकतात, तिथेच घोळ होतो. फोनमधल्या चॅट फोनमध्येच असतात. नुसता नंबर पळवणाऱ्याला जुने बोलणे दिसत नाही. ॲप काढले की मात्र शेवटच्या बॅकअपपर्यंतचेच परत मिळते. म्हणून ॲप तसेच ठेवावे, तोच नंबर पुन्हा टाकावा आणि एसएमएसने आलेला कोड भरावा. कोड बरोबर पडला की चोर त्याच क्षणी बाहेर फेकला जातो. कधी कधी बऱ्याच चुकीच्या प्रयत्नांमुळे नवा कोड मागायला काही तास थांबावे लागते. तेव्हा घाईने पुन्हा पुन्हा आकडे टाकू नयेत, प्रतीक्षा वाढतच जाते.

खरी अडचण पुढची. चोराने टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावला असेल, तर कोड भरूनही तो पिन मागितला जातो. तो आपल्याला माहीत नसतो आणि पिनशिवाय आत जायला सात दिवस थांबावे लागते. चोर बाहेर, पण आपणही बाहेर. दिवाळीतले सात दिवस म्हणजे काय, हे पैठणीवाल्याला वेगळे सांगायला नको. हाच पिन बाईंनी आधी लावून ठेवला असता, तर कोड मिळूनही चोर दारातच अडला असता. पिनसोबत ईमेलही जोडावा, म्हणजे पिन विसरला तरी तो बदलता येतो.

त्या सात दिवसांत बाईंची विक्री थांबली नाही, कारण त्यांच्या मुलीने ऑर्डरींची वही ठेवली होती : नाव, नंबर, रंग, काठ, आलेला ॲडव्हान्स, पाठवायची तारीख. वहीवरून एकेकाला फोन केले, नवा नंबर दिला, जुन्यावर पैसे टाकू नका म्हणून सांगितले. ज्यांचे पैसे गेले होते त्यांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. ती जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

बॅकअप घेतला की झाले, असे बहुतेकांना वाटते. पण चॅटचा बॅकअप ज्या नंबरचा, त्याच नंबरवर उतरतो. व्हॉट्सॲप कंपनीने नंबरच बंद केला, तर गुगल ड्राइव्हवरचा तो बॅकअप नव्या सिमवर उघडत नाही. शिवाय एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड हरवला, तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर सिममध्ये किंवा नुसते चॅटमध्ये न ठेवता गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये सेव्ह करावेत, साड्यांचे फोटो दरांसकट वेगळ्या फोल्डरमध्ये असावेत आणि ऑर्डरी रोज संध्याकाळी वहीत किंवा शीटमध्ये उतराव्यात. वही मला जास्त भरवशाची वाटते, मोबाइलवाला असूनही.

फसलेल्या गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, तर नंबर बंदही होऊ शकतो. मग ॲप उघडल्यावर दिसणाऱ्या पर्यायातून फेरतपासणीची विनंती करायची आणि चोरी झाल्याचे थोडक्यात लिहायचे. तिथे दाद लागली नाही, तर कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. त्याचा निर्णयही पटला नाही, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत gac.gov.in वर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे अपील करता येते. ते ऑनलाइन होते, पण इथल्या विक्रेत्यांपैकी कुणी त्याचे नावही ऐकलेले मला भेटलेले नाही. 1930 वरच्या तक्रारीचा क्रमांक आणि चोराच्या मेसेजचे स्क्रीनशॉट गिऱ्हाइकांकडून तेव्हाच मागून ठेवावेत, या अर्जात ते उपयोगी पडतात.

– एक मोबाइल दुकानदार, येवला (जि. नाशिक)