लाल पट्ट्या आणि निफ्टीची रेष

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अर्थविषयक पानावर गेल्या रविवारी एक आलेख आला होता. वर निफ्टी निर्देशांकाची रेष, खाली परकीय फंडांच्या महिनावार निव्वळ खरेदी-विक्रीच्या पट्ट्या, विक्री लाल आणि खरेदी हिरवी. काळ ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 असा सहा महिन्यांचा. मजकुराचा सूर एवढाच की परकीयांनी पैसा काढला म्हणून बाजार पडला. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. रत्नागिरीत घरी बसून पेन्सिलीने आकडे खरडण्याची सवय अजून सुटलेली नाही. तो आलेख कापून ठेवला आणि प्रत्येक पट्टीखाली त्या महिन्यात निफ्टी किती हलला ते लिहिलं. त्यातून जे दिसलं ते कळवावं म्हणून हे पत्र.

पहिली पट्टी आपल्या म्हणण्याला अगदी चपखल बसते. ऑक्टोबर 2024 मध्ये शेअरांची डिजिटल नोंद ठेवणाऱ्या एनएसडीएल या संस्थेच्या आकड्यांनुसार परकीयांनी सुमारे 94 हजार कोटींचे समभाग निव्वळ विकले. एका महिन्यातला तोवरचा हा विक्रम. निफ्टी 25,810 वरून 24,205 वर आला, म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या जवळपास घसरला. इथे थांबलो असतो तर पत्र लिहायची गरजच नव्हती.

पण जानेवारी 2025 ची पट्टी पाहा. विक्री सुमारे 78 हजार कोटींची, ऑक्टोबरपेक्षा फार कमी नाही. निफ्टी मात्र 23,645 वरून 23,508 वर. घसरण अर्धा टक्का, थोडी वर. त्यानंतर फेब्रुवारीत विक्री निम्म्याहून कमी, साडेचौतीस हजार कोटी, आणि निफ्टी जवळजवळ सहा टक्क्यांनी खाली. डिसेंबरात तर परकीयांची पंधरा हजार कोटींच्या वर खरेदी होती, आणि तरी निफ्टी दोन टक्के उतरला. मार्चमध्ये पुन्हा चार हजार कोटींची किरकोळ विक्री, आणि निफ्टी सहा टक्क्यांहून अधिक वर. आपल्या आलेखात हे सगळं आहेच. पण डावीकडचा अक्ष 21,000 पासून सुरू केलेला, त्यामुळे नजर फक्त रेषेच्या उतारावर जाते आणि कोणत्या पट्टीखाली उतार आहे ते निसटतं.

जानेवारीबद्दल एक कबुली आधीच देतो, नाहीतर कोणी तरी मला पकडेल. 27 जानेवारीला निफ्टी 22,829 वर बंद झाला होता. महिना तिथे संपला असता तर घसरण साडेतीन टक्के दिसली असती. अर्थसंकल्पाच्या आधीच्या चार दिवसांत तो सावरला. म्हणजे महिन्याची कडा कुठे पडते यावरही गोष्ट बदलते. हा दोष माझ्या हिशेबात आहे तसाच आपल्या आलेखातही आहे.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे एप्रिलमध्ये प्रत्येक आंबा बागायतदार एकच प्रश्न विचारतो, वाशीच्या बाजारात आज आवक किती? पेट्या जास्त गेल्या की भाव पडणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आवक तीच असताना एका आठवड्यात पेटीला चांगला भाव मिळतो आणि दुसऱ्या आठवड्यात दलाल फोन उचलत नाही, हेही आम्ही पाहिलेलं आहे. फरक पडतो तो समोर घेणारा किती निकडीने उभा आहे यामुळे. शेअर बाजारात तर प्रत्येक विकलेला शेअर कोणी तरी विकत घेतलेलाच असतो. ‘परकीयांनी विकले’ हे वाक्य अर्धं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे कोणी घेतले आणि किती भाव पाडून घेतले.

घेणारे कोण, याचं सोपं उत्तर देशी संस्था असं दिलं जातं. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरे. त्या काळात एसआयपीतून, म्हणजे लोकांनी म्युच्युअल फंडात नेमाने भरलेल्या हप्त्यांतून, दरमहा पंचवीस-सव्वीस हजार कोटी येत होते, तेव्हा त्यात तथ्य आहेच. एक्स्चेंज रोज संध्याकाळी जे तात्पुरते आकडे देतं ते जोडले, तर ऑक्टोबरमध्ये परकीयांची विक्री साधारण 1 लाख 14 हजार कोटी आणि देशी संस्थांची खरेदी 1 लाख 7 हजार कोटी. जानेवारीत 87 हजारांची विक्री, साधारण तेवढीच खरेदी. मला वाटलं, जुळलं! देशी पैसा पुरा पडला की निफ्टी टिकतो, कमी पडला की घसरतो.

फेब्रुवारीने माझा तो सिद्धांतही मोडला. त्या महिन्यात याच मोजणीत परकीयांची विक्री 59 हजार कोटींची आणि देशी संस्थांची खरेदी 65 हजारांच्या आसपास. म्हणजे देशी संस्थांनी परकीयांनी विकलं त्याहून जास्त उचललं, आणि तरीही सहा टक्के घसरण. मग विकत कोण होतं? या दोन रकान्यांत ज्यांचं नावच नाही ते. तुमच्या-माझ्यासारखे किरकोळ गुंतवणूकदार, प्रवर्तक, दलालांची स्वतःची खाती. सगळ्यांची बेरीज शून्य यायलाच हवी, म्हणून दोघांची नावं कळली की बाकीच्यांचं वजाबाकीने निघतं. पण त्या बेरजेतून भाव निघत नाही. ऑक्टोबर आणि फेब्रुवारी, दोन्ही महिन्यांत घसरण जवळपास सारखी. एकात बाकीचे थोडे घेणारे होते, दुसऱ्यात थोडे विकणारे.

इथवर वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल की ऑक्टोबरची विक्री मी एकदा 94 हजार कोटी म्हणालो आणि एकदा 1 लाख 14 हजार. चूक नाही. एक्स्चेंजचा आकडा दुय्यम बाजाराचा, म्हणजे आधीच नोंदलेल्या शेअरांच्या खरेदी-विक्रीचा असतो. एनएसडीएलच्या एकूण आकड्यात प्राथमिक बाजारातली, म्हणजे आयपीओत पहिल्यांदाच विक्रीला येणाऱ्या शेअरांची, खरेदीही मिसळते. त्याच ऑक्टोबरात ह्युंदाई मोटर इंडियाचा 27,870 कोटींचा आयपीओ आला. तो पूर्णपणे ऑफर फॉर सेल होता, म्हणजे पैसा कंपनीत न येता कोरियातल्या मूळ कंपनीला गेला. त्यात परकीय फंडांनी जे घेतलं ते ‘आवक’ म्हणून मांडलं गेलं आणि निव्वळ विक्री तेवढी कमी दिसली. निफ्टीतल्या पन्नास शेअरांना त्या आवकेने एका पैशाचा आधार दिला नाही. निफ्टीच्या रेषेखाली ठेवायचा असेल तर दुय्यम बाजाराचा आकडा ठेवावा. आपण एनएसडीएलचा एकूण आकडा ठेवला होता आणि कुठला ते लिहिलं नव्हतं. फेब्रुवारीत तर दोन मोजण्यांत 24 हजार कोटींचं अंतर आहे, पट्टीची उंचीच बदलून जाते.

दुसरी गोष्ट, कोण कोणाला ओढतं. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवर 3.6 टक्क्यांच्या आसपास परतावा होता. जानेवारीच्या मध्याला तो 4.8 पर्यंत गेला, डॉलर वधारला, रुपया 84 च्या आगेमागे होता तो 86 च्या पलीकडे गेला. परदेशी फंडाला घरबसल्या डॉलरमध्ये जास्त व्याज मिळत असेल आणि इथे रुपयातला नफा विनिमय दराने खाल्ला जात असेल, तर तो विकणारच. पण हीच कारणं इथल्या गुंतवणूकदारालाही घाबरवतात. शिवाय सप्टेंबर आणि डिसेंबर तिमाहीत कंपन्यांचे नफे मंदावले होते, ते दोघांनाही दिसत होतं. म्हणजे पट्टी आणि रेष एकाच वाऱ्याने हलत होत्या. पट्टीने रेष हलवली असं म्हणायला निदान पट्टी आधी आणि रेष नंतर हलायला हवी. म्हणून मी प्रत्येक महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या निफ्टीशेजारी मांडली. जानेवारीच्या मोठ्या विक्रीनंतर फेब्रुवारीची घसरण आली खरी. पण ऑक्टोबरच्या विक्रमी विक्रीनंतर नोव्हेंबर जवळजवळ सपाट गेला, आणि फेब्रुवारीच्या विक्रीनंतर आला मार्च, सहाही महिन्यांतला सर्वांत चांगला. पाच जोड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही हे मान्य. पण मग तुमच्या सहा पट्ट्यांवरूनही होत नाही.

हे सगळं मी शहाणपणाने बोलतोय असं नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी सातला मोबाइलवर परकीयांच्या विक्रीचा आकडा पाहायचा आणि सौ.ला वाचून दाखवायचा हा माझा क्रम होता. 28 तारखेला निफ्टी 22,124 वर बंद झाला आणि मी इंडेक्स फंडातली निम्मी रक्कम काढून घ्यायचा अर्ज टाकला. “आकडा बाजार बंद झाल्यावर येतो ना? मग आजची विक्री आजच्या भावात गेलीच की,” असं ती म्हणाली. ऐकलं नाही. मार्चअखेर निफ्टी 23,519 होता.

मग या आकड्याला वजन द्यायचंच नाही का? द्यायचं, पण मोजून. जानेवारीत 23 दिवसांत 78 हजार कोटी म्हणजे दिवसाला साधारण 3,400 कोटी. रोखीच्या बाजारात रोजची उलाढाल लाख कोटींच्या घरात असताना हे तीन-चार टक्के झाले. रोजच्या हजार-दोन हजार कोटींच्या आकड्याला म्हणूनच मी आता शून्य वजन देतो. सलग दोन-तीन आठवडे विक्री वाढत जाते आणि तिच्यासोबत भावही दर दिवशी नवा तळ दाखवतो, तेव्हा मात्र कान टवकारतो. मार्च 2020 तसा होता. विक्री 62 हजार कोटींची, म्हणजे जानेवारी 2025 हून कमी, पण निफ्टी 23 टक्के खाली. देशी संस्था तेव्हाही घेतच होत्या, पण त्यांना हवा तो भाव मिळेपर्यंत थांबून. आकड्यापेक्षा घाई मोठी होती, आणि घाई पट्टीत दिसत नाही, पट्टी आणि रेष एकत्र वाचल्यावरच दिसते.

दुसरं वजन क्षेत्रांचं. एनएसडीएल दर पंधरवड्याला परकीयांची क्षेत्रवार खरेदी-विक्री जाहीर करतं. निफ्टीत बँका आणि वित्तसंस्थांचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे आणि परकीयांचा सर्वांत मोठा साठाही तिथेच. विक्री तिथे असेल तर निर्देशांकाला ती लागते. निफ्टीबाहेरच्या मध्यम कंपन्यांत असेल, तर तेवढ्याच उंचीच्या लाल पट्टीचा निफ्टीशी फारसा संबंध उरत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी परकीयांच्या पट्टीशेजारी देशी संस्थांची पट्टी छापावी, आकडा दुय्यम बाजाराचा की एकूण ते तळटीपेत द्यावं, आणि निफ्टीच्या रेषेऐवजी त्याचा महिन्याचा टक्केवारी बदल पट्टीखाली लिहावा. जागा कमी पडत असेल तर रेष काढून टाकली तरी चालेल.

आपला एक जुना वाचक,
रत्नागिरी