तुझ्या नडगीच्या दुखण्याबद्दल

सातारा,
१४ ऑगस्ट

प्रिय वैशू,

काल फोनवर घाईघाईत "बर्फ लाव" एवढंच म्हणाले आणि नंतर रात्रभर ते मनाला लागून राहिलं. म्हणून आज नीट लिहिते.

पाच आठवड्यांपूर्वी तू शून्यापासून सुरुवात केलीस आणि आता आठवड्याला पंचवीस किलोमीटर पळतेस. उजव्या नडगीची आतली बाजू दुखते, आणि ग्रुपमधले सगळे म्हणतात शिन स्प्लिंट्स, म्हणजे पळण्याच्या ताणाने नडगीच्या हाडाची कड दुखावणं. असतीलही, नव्याने पळणाऱ्यांना बहुतेकदा तेच होतं. पण त्याच जागी स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, हेही होतं. सुरुवातीला दोन्ही सारखंच दुखतं, म्हणून मला काळजी वाटते.

हे वाचतावाचताच खुर्चीत बस आणि उजवा पाय डाव्या मांडीवर टाक. घोट्याच्या आतल्या उंचवट्यापासून गुडघ्याकडे नडगीच्या हाडाची मागची कड अंगठ्याने चाचपत जा. एकेक बोट पुढे सरकायचं आणि प्रत्येक ठिकाणी दाबायचं. दुखरा भाग तीन आडव्या बोटांपेक्षा, म्हणजे साधारण पाच सेंटीमीटरपेक्षा लांब पसरलेला असेल, नेमकं कुठे ते सांगता येत नसेल, तर तो शिन स्प्लिंट्सचा कल. पण बाकी कड शांत आणि रुपयाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर पाय झटकन मागे गेला, तर मला तडा वाटेल.

दुसरं म्हणजे दुखण्याची वेळ बघ. शिन स्प्लिंट्समध्ये पळायला सुरुवात केली की दुखतं, अंग तापलं की बरंचसं कमी होतं, आणि थांबल्यावर पुन्हा ठणकतं. तड्याचं दुखणं प्रत्येक किलोमीटरला वाढत जातं. मग जिना चढताना, साधं चालतानाही कळ येते, आणि पुढे रात्री झोपेतही ठसठसतं.

मागच्या वर्षी माझ्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आली होती. आठशे मीटरसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळायची. दुखायला लागून दहा दिवस झाले तेव्हा एक्स-रे काढला होता, तो स्वच्छ आला. कुणीतरी सांगितलं, हाड ठीक आहे, पळ. ती पळत राहिली. मी दाबून बघितलं तर घोट्यापासून वीतभर वर एकच जागा, आणि बोट लागताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एमआरआयमध्ये तडा दिसला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये तो बहुतेकदा दिसतच नाही गं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तीन महिने पाळी आली नव्हती, खाणं एका वेळच्या मेसचं. पोटात पुरेसं जात नसेल तर हाडाची भर होणार कुठून? आठ आठवडे पळणं बंद, आणि त्या वर्षीची मैदानी चाचणी हुकली. मला अजून वाईट वाटतं.

तुझ्या पाच आठवड्यांवर मी का अडते, ते सांगते. ताण पडला की शरीर आधी हाडातला जुना भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवीन भरतं. खरवडणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीनेक महिने लागतात. म्हणजे नेमकं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर हाड कच्चं असतं. आणि तेव्हाच दम वाढलेला असतो, पोटऱ्या तयार झालेल्या असतात, अंतर वाढवावंसं वाटतं.

दुखरा भाग लांब पसरलेला निघाला तर अंतर निम्म्यावर आण, सलग दोन दिवस पळू नकोस, मातीच्या मैदानावर जा, आणि रोज पायरीवर उभं राहून टाचा वर उचलण्याचा व्यायाम कर. दुखणं चालण्यापर्यंत येत नाही ना, एवढं बघत राहा. एकच जागा निघाली तर आजपासून पळणं बंद. उड्या मारून तपासत बसू नकोस, पेनकिलर घेऊन तर अजिबात पळू नकोस, कारण थांब म्हणणारं ते दुखणंच दबून जातं. हाडाच्या डॉक्टरांना गाठ आणि एमआरआयबद्दल स्वतःहून विचार. दुखरी जागा नडगीच्या अगदी पुढच्या धारेवर असेल तर एक दिवसही लांबवू नकोस. तिथला तडा भरता भरत नाही, आणि कधीकधी हाड पूर्ण मोडतं.

आज रात्री नऊनंतर मी मोकळी आहे. दाबून बघ आणि किती बोटं लांब दुखतं ते मोजून सांग. पाळी वेळेवर येते का आणि ड जीवनसत्त्व शेवटचं कधी तपासलंस, तेही सांग.

तुझी,
नीता