एकेरी रस्त्यात उलट दिशेने नेल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
नेव्हिगेशन सेवा विभाग

विषय: सांगलीतील एका एकेरी गल्लीची दिशा चुकीची दाखवणे आणि त्यावर आलेले आपले उत्तर

महोदय,

माझ्या गाडीतील आपल्या नकाशा-सेवेचे वार्षिक शुल्क मी भरलेले आहे. विश्रामबागहून गणपती पेठेत जाताना हरभट रोडच्या बाजूला आपल्या सेवेने ‘डावीकडे वळा’ सांगितले. ती गल्ली समोरून येणाऱ्यांसाठी एकेरी आहे. थोडे आत गेलो तोच समोरून मालाचा टेम्पो आला आणि मागून वाहतूक पोलीस. स्क्रीन दाखवली, तर हवालदार म्हणाले, ‘‘लायसन्स तुमचं आहे का ॲपचं?’’ कलम ११९ व १७७ खाली ५०० रुपयांचे ई-चलान झाले.

त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ११९ चालकाला सक्तीच्या वाहतूक चिन्हाप्रमाणे गाडी चालवायला सांगते. ॲप म्हणजे चिन्हही नव्हे आणि पोलिसांचा इशाराही नव्हे, त्यामुळे ‘ॲपने सांगितले’ हा बचाव तिथे चालत नाही. उलट दिशेने गाडी धोकादायकपणे चालवली असे धरून कलम १८४ लावले असते, तर पहिल्याच वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्हीही झाले असते.

चलानावर माझी हरकत आहे, पण तिचे कारण वेगळे आहे. गल्लीच्या तोंडाशी ‘प्रवेश बंद’चा लाल गोल फलक आहे, मात्र त्याच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता. चालकाच्या जागेवरून पांढऱ्या पट्टीचे एक टोकही दिसत नव्हते. आमच्याकडे फलकाचा खांब म्हणजे फ्लेक्सचा हक्काचा खांब, ते असो. लगेच उतरून त्याच उंचीवरून फोटो काढला आणि महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर चलानाविरुद्ध तक्रारीसोबत जोडला. चिन्ह दिसण्याजोगे नव्हते, हा माझा मुद्दा आहे. आपल्या ॲपचा त्या अर्जात मी उल्लेखही केलेला नाही. फलक उघडा असता तर आपले ॲप काहीही म्हणो, मी दंड मुकाट भरला असता.

आता आपल्या उत्तराकडे येतो. मी ॲपमधून चूक कळवली, फोटोही दिला. आधी ‘पडताळणीत बदलाची गरज आढळली नाही’ असा संदेश आला. पुन्हा लिहिल्यावर ‘चिन्हे पाळण्याची जबाबदारी वापरकर्त्याची आहे’ असे अटींतील वाक्य पाठवून तक्रार बंद केली. ते वाक्य पोलीस आणि माझ्यातल्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपण आणि मी, यातल्या प्रश्नाला ते लागू पडत नाही. दंड माझा आहे म्हणून नकाशा बरोबर ठरतो का? फुकटच्या ॲपबद्दल मी ग्राहक कायद्याचे नाव काढले नसते, कारण मोफत दिलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवे’त मोडत नाही. इथे मी मोबदला दिला आहे.

पडताळणी कशी केली असावी, याचा मला एक अंदाज आहे. त्या गल्लीत दुचाक्या दिवसभर उलट शिरतात. फोनच्या जीपीएसवरून कोणत्या दिशेने किती वाहने गेली, एवढेच मोजले तर रस्ता दोन्ही बाजूंनी खुला दिसणारच. तसे झाले असेल, तर नियम मोडणाऱ्यांच्या खुणांवरून आपण नियम ठरवला आणि त्यावरून चारचाकीला वाट दाखवली. चारचाकींच्या खुणा वेगळ्या काढून पाहा. त्या जवळजवळ सगळ्या एकाच दिशेच्या निघतील. आणि सांगली वाहतूक शाखेला एक पत्र धाडले तर अंदाजाचे कामच उरणार नाही.

माझी मागणी अशी. गल्लीच्या त्या तुकड्याची दिशा दुरुस्त करावी आणि ती शेवटची कधी व कशाच्या आधारे नोंदवली होती, हे लेखी कळवावे. माझी पहिली तक्रार कुणी माणसाने पाहिली होती का, हेही सांगावे. जिथे दिशेची खात्री नाही तिथे ॲपने बिनदिक्कत ‘वळा’ न म्हणता ‘फलक पाहा’ म्हणावे. या वर्षाचे शुल्क परत करावे. चलानाची रक्कम मी मागत नाही, तो निकाल तिकडे लागेल.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. मी राहतो तिथेच तो करता येतो, आपल्या मुख्यालयाच्या गावी यावे लागत नाही.

सोबत: झाकलेल्या फलकाचा फोटो, त्या वेळच्या स्क्रीनचा फोटो, शुल्काची पावती, आपले दोन्ही संदेश.

आपला,
एक ग्राहक
विश्रामबाग, सांगली